छोट्या जीन एक्सप्रेशन अभ्यासाचं रिव्ह्यूअरना उत्तर: नमुने इतके कमी का आणि एफडीआर ०.१० का?

रानजाई
नमस्कार मंडळी. आमचा पेपर ‘मेजर रिव्हिजन’ होऊन परत आला आहे आणि उत्तराचं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आहे. अभ्यास असा: एका दुर्मिळ त्वचारोगाचे ६ रुग्ण, प्रत्येकाची उपचाराआधी आणि उपचारानंतर १२ आठवड्यांनी एकेक बायॉप्सी, म्हणजे एकूण १२ नमुने. आरएनए-सीक करून `DESeq2`ने विश्लेषण केलं. गाळणीनंतर १४,००० जीन उरले आणि एफडीआर ०.१० ला त्यातले १४० बदललेले दिसले. ०.०५ लावला तर ५२ उरतात.

रिव्ह्यूअर २ म्हणतो: ‘नमुने फारच कमी. अभ्यासाची पॉवर किती होती ते दाखवा.’ रिव्ह्यूअर ३ म्हणतो: ‘०.१० ही सैल मर्यादा का? बॉनफेरोनी का नाही?’ बॉनफेरोनी लावलं तर ९ जीन उरतात.

पहिल्या मसुद्यात मी ‘रोग दुर्मिळ असल्याने अधिक रुग्ण मिळाले नाहीत’ एवढंच लिहिलं आहे. ते खरं आहे, पण त्याने उत्तर होत नाही असं मलाच वाटतंय. तुम्ही काय लिहिलं असतं?

आडवाटे
३० च्या खाली नमुने असले तर संख्याशास्त्र चालत नाही असं आम्हाला शिकवलं होतं. ६ म्हणजे फारच झालं.

कावेरी२
आडवाटे, ३० चा नियम इथे नका लावू. जीन एक्सप्रेशनमध्ये ३-३ नमुन्यांचे पेपरही छापून येतात. २०१६ मध्ये यीस्टवर ४८-४८ नमुन्यांचा एक मोठा प्रयोग छापून आला होता, त्यात निदान ६ नमुने घ्या अशीच शिफारस आहे. रानजाई, तुमचे नेमके ६ आहेत. तो पेपर पत्रात द्या.

पॉवर मागितलीच आहे तर काढून द्या. मिळालेला फोल्ड चेंज आणि मिळालेलं व्हेरिअन्स घातलं की आकडा निघतो. शिवाय नमुने कमी असल्यामुळे विल्कॉक्सनही चालवून बघा. त्याला नॉर्मल वितरणाची अट नाही, त्यामुळे रिव्ह्यूअरला आक्षेप घेता येणार नाही.

सोनचाफा
आमच्याकडे असंच झालं होतं, पण उंदरांवर. रिव्ह्यूअरने नमुने वाढवा म्हटलं म्हणून आम्ही त्याच आरएनएची प्रत्येकी ३ वेळा लायब्ररी करून सीक्वेन्सिंग केलं. ६ चे १८ झाले. तुमच्याकडे आरएनए शिल्लक असेल तर हा मार्ग सोपा आहे.

मोजणीदार
सोनचाफा, तुमचे १८ झाले नाहीत, ६ च राहिले. त्याच आरएनएची पुन्हा लायब्ररी केली की मोजमापातली चूक कमी होते. माणसामाणसातला किंवा उंदराउंदरातला फरक जसाच्या तसा राहतो, आणि निष्कर्ष रुग्णांबद्दल काढायचा असेल तर मोजायचे ते रुग्ण. १८ ओळी स्वतंत्र समजून मॉडेलमध्ये घातल्या तर पी-व्हॅल्यू खोट्या बारीक होतात. एकाच लायब्ररीच्या आवृत्त्या असतील तर त्यांचे काउंट सरळ एकत्र करायचे, `collapseReplicates` त्यासाठीच आहे.

आता कावेरी यांचे तीन मुद्दे, कारण पत्रात नेमके हेच तीन जातात आणि त्यातले दोन अंगावर येतात.

विल्कॉक्सन आधी घेऊ. ६ जोड्या आहेत. जोड्यांच्या विल्कॉक्सनमध्ये सगळ्या ६ रुग्णांत जीन एकाच दिशेने गेला तरी पी-व्हॅल्यू जास्तीत जास्त खाली येते ती २/६४, म्हणजे ०.०३१. यापेक्षा लहान ती होऊच शकत नाही. १४,००० जीनची दुरुस्ती लावल्यावर अशा एखाद-दुसऱ्या जीनला काहीही भवितव्य नाही. ०.१० ला काही हाती लागायचं तर साधारण ४,४०० जीन एकदमच त्या तळाला जाऊन बसायला हवेत. अट कमी असलेली चाचणी म्हणून ती इथे सुरक्षित ठरत नाही, ती इथे काही सांगूच शकत नाही. विल्कॉक्सनची बाजू घेणारे पेपर आहेत, पण ते शेकडो नमुन्यांच्या अभ्यासांबद्दल आहेत.

दुसरं, मिळालेल्या निकालावरून काढलेली पॉवर. होनिग आणि हायझी यांनी २००१ मध्ये हे स्वच्छ मांडलं आहे: अशी पॉवर म्हणजे पी-व्हॅल्यूच, फक्त वेगळ्या मापात लिहिलेली. पी लहान असेल तर पॉवर मोठी निघणारच. जे १४० जीन पास झाले त्यांची पॉवर उत्तम दिसेल, जे नापास झाले त्यांची वाईट, आणि रिव्ह्यूअरला नवीन काहीच कळणार नाही. जाणकार रिव्ह्यूअर असेल तर तो यावरच बोट ठेवेल.

तिसरं, यीस्टचा पेपर. तो जरूर द्या, पण ‘६ म्हणजे पुरेसे’ म्हणून नको. ते यीस्ट एकाच वाणाचं, एकाच माध्यमात वाढवलेलं होतं. वेगवेगळ्या वयाच्या ६ माणसांच्या त्वचेत त्याहून खूपच जास्त फरक असणार. त्या पेपरातली तुमच्या कामाची गोष्ट दुसरी आहे: ३ नमुन्यांवर बहुतेक पद्धतींना खऱ्या बदललेल्या जीनपैकी २० ते ४० टक्केच सापडले, पण चारपटीहून अधिक बदललेल्यांपैकी ८५ टक्क्यांहून जास्त सापडले. म्हणजे लहान अभ्यास आंधळा नसतो, त्याला मोठे बदल दिसतात आणि लहान निसटतात. पत्रात प्रश्न असा फिरवा: ‘आमची पॉवर किती’ हे न सांगता ‘६ जोड्यांत आम्हाला किमान किती मोठा बदल दिसू शकला असता’ हे सांगा.

रानजाई
हे पटलं. पण तो किमान बदल काढायचा कसा? आमचंच व्हेरिअन्स घातलं तर पुन्हा तोच दोष येईल ना?

मोजणीदार
येईल, म्हणून व्हेरिअन्स बाहेरून घ्यायचं. त्वचेच्या बायॉप्सीचा, एकाच माणसाचे दोन नमुने असलेला, आधी छापलेला खुला डेटा शोधा आणि जोडीच्या आतला जैविक फरक त्यातून काढा. समजा तो ०.३५ आला. काउंट डेटासाठी हे सूत्र पुरतं:

```
n = 2 * (z_alpha + z_beta)^2 * (1/mu + cv^2) / (ln FC)^2
```

यात `mu` म्हणजे त्या जीनचे सरासरी रीड आणि `cv` म्हणजे जैविक फरक. आपल्याला n ठाऊक आहे, म्हणून ते उलटं सोडवायचं:

```r
z <- qnorm(1 - 0.001/2) + qnorm(0.80)
v <- 1/20 + 0.35^2
exp(sqrt(2 * z^2 * v / 6))    # 2.69
```

०.००१ कुठून आलं? १४,००० पैकी १४० जीन एफडीआर ०.१० ला पास झाले, तेव्हा शेवटच्या जीनची पी-व्हॅल्यू फार तर ०.१० × १४० / १४,००० एवढी असते. हा भाग निकालातून आला आहे हे पत्रात कबूल करा आणि सोबत ०.०००५ चाही आकडा द्या. तो २.८२ येतो, म्हणजे गोष्ट बदलत नाही.

तर वाक्य असं होतं: सरासरी २० रीडच्या जीनमध्ये २.७ पट किंवा त्याहून मोठा बदल असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के होती. दुप्पट बदलाला हीच शक्यता ३४ टक्क्यांच्या आसपास येते. दुप्पट बदलासाठी ८० टक्के हवे असतील तर १२-१३ जोड्या लागल्या असत्या. हेही लिहा, लपवू नका. आणि हे गणित नॉर्मल अंदाजावर आहे. प्रत्यक्षात १२ नमुन्यांतून ७ गुणांक वजा जाता ५ च डिग्री ऑफ फ्रीडम उरतात, त्यामुळे खरी मर्यादा याहून थोडी वरच असेल.

एक जोड. ‘अधिक खोल सीक्वेन्सिंग का केलं नाही’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. `mu` २० च्या जागी २०० घाला, २.६९ चे २.३४ होतात. अनंत रीड घेतले तरी २.३ च्या खाली जात नाही, कारण उरलेला सगळा फरक जैविक आहे.

दिगंत
मी गेली काही वर्षं अशा पेपरांचं रिव्ह्यू करतो, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो. नमुने कमी आहेत एवढ्यावरून मी पेपर नाकारत नाही. मी मजकुरात एक प्रकारचं वाक्य शोधतो: ‘अमुक जीन बदलले नाहीत.’ रानजाई, तुमच्या पेपरात असं वाक्य आहे का?

रानजाई
आहे. चर्चेच्या भागात ‘उपचारानंतर इंटरफेरॉनशी संबंधित जीनमध्ये बदल आढळला नाही, यावरून औषध त्या मार्गाने काम करत नसावं’ असं आहे. गाइडना ते वाक्य फार आवडतं.

दिगंत
मग रिव्ह्यूअर २ ची खरी तक्रार तिथे असू शकते, त्याने शब्द वेगळे वापरले एवढंच. मोजणीदारांचा आकडा तुम्ही पत्रात दिलात की तो लगेच विचारेल: दुप्पट बदल तीनपैकी दोन वेळा तुमच्या हातून निसटतो, मग ‘बदल नाही’ हे कशावरून म्हणता? पत्र आणि पेपर एकमेकांच्या विरुद्ध जातील.

त्या वाक्याऐवजी त्या जीनचे फोल्ड चेंज ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हलसकट द्या. एखाद्याचा इंटरव्हल ०.६ ते २.४ असेल तर वाचकाला दिसतं की निम्म्याजवळ येण्यापासून दुपटीच्या वर जाण्यापर्यंत काहीही शक्य आहे. इंटरव्हल ०.९ ते १.१ असेल तरच ‘फारसा बदल नाही’ म्हणायचा हक्क मिळतो. गाइडना हा इंटरव्हल दाखवा, वाक्य आपोआप निघेल.

कावेरी२
+१. विल्कॉक्सनचं २/६४ माझ्या ध्यानात नव्हतं, मोजणीदार, आभार. पण मग रिव्ह्यूअर ३ च्या बॉनफेरोनीचं काय? तो तर कडकच होणार.

मोजणीदार
बॉनफेरोनी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं: संपूर्ण यादीत एकही खोटा जीन नसावा. हा अभ्यास शोधासाठी आहे, यादीतले जीन पुढे दुसऱ्या रुग्णांत तपासले जाणार आहेत. तिथे प्रश्न असतो यादीचा किती हिस्सा खोटा निघेल. १९९५ ची बेंजामिनी-हॉकबर्ग पद्धत तेवढंच सांगते.

पत्रात तत्त्वज्ञान मात्र कमी ठेवा आणि किंमत आकड्यात दाखवा. बॉनफेरोनीची मर्यादा ०.०५ / १४,००० म्हणजे साधारण ०.०००००३६. वरच्याच सूत्रात ही घातली की ८० टक्क्यांनी दिसणारा किमान बदल २.७ पटीवरून ३.७ पटीवर जातो. रिव्ह्यूअर ३ ची मागणी मान्य केली तर रिव्ह्यूअर २ ची तक्रार अधिक खरी होते. संपादकाला दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचायची असतात, त्याला हे लगेच दिसेल. ते ९ जीन तक्त्यात वेगळी खूण करून द्या, म्हणजे ज्याला कडक यादी हवी त्याला ती मिळते.

दिगंत
बॉनफेरोनीबद्दल सहमत. ०.१० बद्दल नाही.

१४० पैकी सरासरी १४ खोटे, असं आपण म्हणतो. ५२ पैकी सरासरी २-३ खोटे. मग मधले जे ८८ जीन ०.१० केल्यामुळे आत आले, त्यांच्यात ११-१२ खोटे जमा झाले, म्हणजे साधारण आठात एक. तुम्ही वाचकाला ‘दहा टक्के’ सांगता, पण यादीच्या तळाला त्याहून वाईट स्थिती असते. आणि पेपरातल्या आकृत्यांसाठी जीन निवडताना लोक गोष्टीत बसणारे नेमके तळातले उचलतात.

मोजणीदार
हिशोब बरोबर आहे. म्हणून मी एकच यादी देऊन प्रत्येक जीनसमोर `padj` लिहितो, आणि नावाने चर्चा फक्त वरच्या भागातल्या जीनची करतो. पण ०.०५ मध्ये काही पावित्र्य नाही. पुढची तपासणी स्वस्त असेल तर ०.१० परवडतं.

दिगंत
पुढची तपासणी होणार आहे का, हाच तर मुद्दा आहे. ‘पुढे तपासू’ असं लिहिलेले आणि पुढे काहीच न झालेले पेपर मी पुष्कळ पाहिले. पत्रात तपासणीचा ठोस आराखडा नसेल तर मी ०.०५ मागेन.

रानजाई
०.१० आम्ही मुद्दाम निवडलं नव्हतं, `results()` मध्ये तेच मुळात येतं. ‘आधीच ठरवलं होतं’ असं लिहू का? गाइड म्हणतात लिही.

मोजणीदार
लिहू नका. विश्लेषण सुरू होण्याआधीची तारीख असलेला कागद नसेल तर तो शब्द वापरायचा नाही. ‘सॉफ्टवेअरची मूळ मर्यादा ०.१० होती, ती आम्ही निकाल पाहून बदलली नाही’ हे खरं आहे आणि तेवढं पुरतं.

आणि ५२ चा आकडा कसा काढला? ०.१० च्या निकालातून `padj < 0.05` गाळून?

रानजाई
हो, तसाच.

मोजणीदार
मग पुन्हा चालवा. कमी काउंटचे जीन किती गाळायचे हे `DESeq2` तुम्ही दिलेल्या `alpha` प्रमाणे ठरवतं, त्यामुळे मर्यादा ०.०५ ची हवी असेल तर ते आधीच सांगावं लागतं:

```r
dds <- DESeqDataSetFromMatrix(counts, coldata,
                              design = ~ patient + time)
dds <- DESeq(dds)
res05 <- results(dds, alpha = 0.05)
```

फरक थोडाच पडेल, पण रिव्ह्यूअरने तुमचा कोड चालवला आणि आकडा जुळला नाही तर बाकीच्या पत्रावरचाही विश्वास उडतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तुमच्या डिझाइनमध्ये `patient` आहे, म्हणजे प्रत्येक रुग्ण आणि वेळ या जोडीला एकच नमुना. एखादा विचित्र नमुना जीनचा निकाल ओढत असेल तर तो पकडणारी कुक्स डिस्टन्सची आपोआप होणारी गाळणी अशा डिझाइनमध्ये चालतच नाही, तिला एकाच प्रकारचे निदान ३ नमुने लागतात. लोकांना वाटतं सॉफ्टवेअरने बघितलं असेल. म्हणून एकेक रुग्ण वगळून ६ वेळा विश्लेषण करा. प्रत्येक वेळी किती जीन पास झाले हे बघू नका, ५ जोड्यांवर आकडा घटणारच. फोल्ड चेंज किती हलतो ते बघा.

सोनचाफा
बरं, आरएनए शिल्लक आहेच तर त्यावर क्यूपीसीआर करून १० जीन पडताळले तर रिव्ह्यूअरचं समाधान होत नाही का? आमच्या वेळी झालं होतं.

दिगंत
काहींचं होतं. पण त्याच ६ रुग्णांच्या त्याच आरएनएवर केलं तर यंत्राचं मोजमाप बरोबर होतं एवढंच कळतं. नमुने कमी असल्याचा प्रश्न तिथेच राहतो. नवीन ४ रुग्ण मिळाले तर क्यूपीसीआरला खरी किंमत येते.

आडवाटे
मी ३० म्हणालो ते मागे घेत नाही, पण धागा वाचनखूण साठवली आहे.

रानजाई
दोन दिवस गायब होते, सगळं चालवून पाहिलं.

`alpha = 0.05` दिल्यावर ५२ चे ५५ झाले. एकेक रुग्ण वगळल्यावर १४० पैकी १२९ जीनचा फोल्ड चेंज सहाही वेळा जवळपास तिथेच राहतो. उरलेले ११ जीन मात्र चौथा रुग्ण काढला की तिपटीच्या वरून १.३ पटीच्या खाली येतात. हे बहुतेक केराटिन गटातले आहेत. त्या रुग्णाच्या दुसऱ्या बायॉप्सीत वरचा थर जास्त आला असावा असा अंदाज आहे, स्लाइड पुन्हा बघायला दिली आहे. ११ पैकी २ जीन ०.०५ च्या यादीतही आहेत.

आणि आणखी एक अडचण. पेपरात ‘उपचाराला प्रतिसाद देणारे ३ विरुद्ध न देणारे ३’ अशीही तुलना आहे. त्यात ७ जीन ०.१० ला आले आहेत. ती ठेवू का?

मोजणीदार
ते ११ जीन काढून टाकू नका, तक्त्यात खूण करून ठेवा आणि कारण लिहा. निकाल पाहून रुग्ण वगळलात तर नवा प्रश्न उभा राहील.

३ विरुद्ध ३ ची तुलना मुख्य मजकुरातून काढा. तिथे तुमचा जोड्यांचा फायदा निम्मा जातो, बदलांमधला फरक मोजायचा असतो आणि किमान दिसणारा बदल कितीतरी वर सरकतो. इतक्या कमी पॉवरवर जे ७ पास झाले त्यांचे फोल्ड चेंज फुगलेले असण्याची शक्यता खूप. शिवाय ती वेगळी तुलना म्हणून तिची एफडीआर वेगळी काढली आहे, तेव्हा ‘संपूर्ण पेपरात दहा टक्के खोटे’ हे विधान दोन्ही याद्या मिळून आपोआप लागू होत नाही. रिव्ह्यूअर ३ हा मुद्दा पुढच्या फेरीत काढणारच.

कावेरी२
पूर्ण काढायची? पुढच्या कुणाला मेटा-ॲनालिसिससाठी तेवढीच माहिती असेल तर? दुर्मिळ रोगात अशी तुलना पुन्हा कोण करणार? पुरवणीत सगळ्या १४,००० जीनचे आकडे द्यावेत, ७ ची यादी वेगळी न काढता.

मोजणीदार
हो, हे माझ्या सूचनेपेक्षा चांगलं आहे. पुरवणीत पूर्ण तक्ता, ताऱ्यांच्या खुणा नाहीत.

रानजाई
पत्राचा गाभा आता असा केला आहे, इंग्रजी नंतर करीन:

‘रिव्ह्यूअर २ यांची शंका योग्य आहे. निकालावरून पॉवर काढली तर ती पी-व्हॅल्यूपेक्षा वेगळी माहिती देत नाही, म्हणून आम्ही स्वतंत्र डेटातल्या व्हेरिअन्सवरून ६ जोड्यांत दिसू शकणारा किमान बदल काढला आहे. तो २.७ पट आहे. दुप्पट बदल बहुतांश वेळा आमच्या नजरेतून सुटले असतील, म्हणून इंटरफेरॉन जीनबद्दलचं विधान मागे घेऊन त्या जागी इंटरव्हल दिले आहेत. एकेक रुग्ण वगळून केलेल्या विश्लेषणात ११ जीन एकाच रुग्णावर अवलंबून आढळले, ते तक्त्यात दाखवले आहेत. प्रतिसादानुसार केलेली तुलना मुख्य मजकुरातून काढून तिचे सर्व आकडे पुरवणीत दिले आहेत.

रिव्ह्यूअर ३ यांच्या सूचनेप्रमाणे बॉनफेरोनी लावल्यास हीच मर्यादा ३.७ पट होते. त्या कसोटीला उतरणारे ९ जीन आम्ही वेगळे दाखवले आहेत. ०.१० ही सॉफ्टवेअरची मूळ मर्यादा असून ती निकाल पाहून बदललेली नाही. नावाने चर्चा केलेले सर्व जीन ०.०५ च्या आतले आहेत.’

व्हेरिअन्ससाठी एकाच माणसाच्या दोन बायॉप्सींचा खुला डेटा मिळाला. त्यात ०.३५ नाही, ०.३८ आला. त्यामुळे पत्रात जाताना २.७ आणि ३.७ दोन्ही थोडे वर सरकतील.

दिगंत
मी रिव्ह्यूअर असतो तर सही केली असती, एक ओळ सोडून. नवीन रुग्णांवरच्या तपासणीबद्दल यात काहीच नाही, आणि ०.१० चा आधार तोच होता. ते जमणार नसेल तर मुख्य यादी ५५ ची करा.

मोजणीदार
मी १४० च ठेवीन. खुणा आणि `padj` समोर असताना वाचकाला स्वतः रेघ ओढता येते. ०.३८ घालून दोन्ही आकडे पुन्हा काढा मात्र. मला पहिला २.८६ च्या आसपास दिसतोय.

रानजाई
२.८६ च आला. दुसरा ४.०३. आणि नवीन रुग्णांबद्दल गाइडशी उद्या बोलते, दुसऱ्या केंद्रात ३ जण आहेत असं कळलंय, पण त्यांच्या बायॉप्सी फॉर्मॅलिनमध्ये आहेत. त्यातून क्यूपीसीआरपुरता आरएनए निघतो का, कुणी केलंय का?

सोनचाफा
निघतो, पण तुकडे झालेला असतो. प्रायमर १०० बेसच्या आतलं उत्पादन देतील असे घ्या, आणि आधीच्या-नंतरच्या दोन्ही बायॉप्सी फॉर्मॅलिनमध्ये सारख्याच वेळ होत्या का ते विचारा. व्यनि करते.